पावागड पुन्हा पेटेल का? जागृत, निद्रिस्त आणि मृत ज्वालामुखींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना घेऊन मी दर हिवाळ्यात पावागडावर जाते. माचीपर्यंत गाडीने आणि तिथून वर पायी. कालिकामातेचं दर्शन तर होतंच, पण माझा खरा हेतू असतो मुलांना दगड दाखवण्याचा. त्या वाटेवर मुलं जे विचारतात आणि घरी परतल्यावर त्यांचे आईबाबा, आजीआजोबा फोन करून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. २०२५च्या नोव्हेंबरात इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख गुजरातवरून गेली, तेव्हापासून तर हे प्रश्न दुप्पट झाले.

पावागड ज्वालामुखी आहे असं शाळेत सांगतात. मग तो कधीतरी फुटेल का?

नाही, फुटणार नाही. हे इतक्या ठामपणे कशाच्या बळावर सांगता येतं, ते पुढे येईलच. आधी एक दुरुस्ती करायला हवी. पावागड ज्वालामुखीच्या खडकाचा बनलेला आहे, पण आज दिसणारा डोंगर म्हणजे ज्वालामुखीचा शंकू नव्हे. चित्रात असतो तसा निमुळता डोंगर आणि त्याच्या डोक्यावर खड्डा, असं इथे काही नाही. इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. नंतर पाण्यावाऱ्याने आजूबाजूचा भाग झिजून गेला आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा तुकडा उभा राहिला. भाकरीच्या चवडीतून चारी बाजू कापून मधला तुकडा ठेवावा, तसा. म्हणून माथ्यावरचं तळं दाखवून कुणी ‘हेच ते ज्वालामुखीचं तोंड’ असं म्हणालं, तर ते धरून चालू नका.

दख्खनचा लाव्हा बहुतेक ठिकाणी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून वाहत आला. पावागड त्याच कुटुंबातला आहे, पण थोडा वेगळा. खालच्या भागात नेहमीचा काळा बसाल्ट आहे, तर माथ्याकडे रायोलाइट नावाचा फिकट, सिलिका जास्त असलेला खडक आहे. हा लाव्हा घट्ट असतो आणि लांबवर वाहत नाही. त्यामुळे तो जवळपासच कुठेतरी बाहेर आला असणार.

जागृत, निद्रिस्त, मृत हे ठरवतं कोण? काही जागतिक नियम आहे का?

सगळ्या जगाने मान्य केलेला असा एक नियम नाही. पाठ्यपुस्तकात तीन कप्पे नीट आखलेले असतात, म्हणून तो असेल असं वाटतं. सगळ्यात जास्त वापरली जाते ती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेची यादी. गेल्या सुमारे १२,००० वर्षांत, म्हणजे शेवटचं हिमयुग संपल्यापासूनच्या काळात, ज्याचा उद्रेक झाला किंवा झाला असावा असं मानायला आधार आहे, असे ज्वालामुखी त्या यादीत एका गटात येतात. या काळाला होलोसीन म्हणतात आणि त्याची सुरुवात ११,७०० वर्षांपूर्वी धरतात. जपानमध्ये हीच रेघ १०,००० वर्षांवर आहे. शिवाय ज्यातून आज जोरात वाफा आणि वायू निघतात, असा डोंगरही तिथे जागृत धरतात. या हिशेबाने जपानमध्ये १११ ज्वालामुखी जागृत आहेत.

ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी सोयीसाठी आखली आहे. हिमनद्या वितळल्यानंतरचे राखेचे थर पुसले गेलेले नाहीत, त्यामुळे ते शोधणं सोपं जातं. डोंगराला मात्र १२,००० या आकड्याशी काही देणंघेणं नसतं.

मग ‘निद्रिस्त’ म्हणजे नक्की काय?

तिन्ही शब्दांत हाच सगळ्यात ढिला आहे. रोजच्या बोलण्यात आज शांत असलेला पण पुढे उठू शकणारा, एवढाच त्याचा अर्थ. जपानने तर हा शब्द आणि ‘मृत’ हा शब्दही सरकारी वापरातून काढून टाकला, आणि त्याला कारणही तसंच घडलं. ओंताके हा डोंगर तिथे मेलेला समजला जात असे, कारण त्याच्या उद्रेकाची लिखित नोंदच नव्हती. १९७९ च्या ऑक्टोबरात तो फुटला. जी नोंद नव्हती ती माणसांच्या वह्यांत नव्हती, डोंगर आपला जिवंतच होता.

मला या एका उदाहरणाने शिकवलं की ‘इतिहासात नोंद नाही’ आणि ‘उद्रेक झाला नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिलिपिन्समधल्या पिनातुबोचंही तसंच. सुमारे पाचशे वर्षं तो गप्प होता, उतारांवर दाट जंगल होतं आणि माणसं वस्तीला होती. १५ जून १९९१ रोजी तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक घेऊन फुटला.

भारतात जागृत ज्वालामुखी कुठे आहे?

अंदमानात, बॅरन बेटावर. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर. बेटावर वस्ती नाही. सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा जुना खचलेला कडा आणि त्याच्या मधोमध नवा शंकू, अशी त्याची रचना आहे.

इथे थोडं थांबू, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली या बेटाच्या कथेत आहे. १७८७ मध्ये जहाजावरच्या लोकांनी त्याचा उद्रेक पाहिल्याची नोंद आहे. नंतर १८३२ पर्यंत तो अधूनमधून धुमसत होता आणि मग शांत झाला. ही शांतता दीडशे वर्षांहून जास्त टिकली. १९९० साली तुम्ही बोटीने तिथे गेला असतात, तर काळी राख, थोडी वाफ आणि झुडपं पाहून ‘हा तर झोपलाय’ असंच म्हणाला असतात. १९९१ च्या मार्चअखेर तो पुन्हा पेटला आणि लाव्हा समुद्रापर्यंत गेला. १९९४-९५ मध्ये पुन्हा, २००५ पासून पुन्हा. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं संशोधन जहाज जवळच होतं. डॉ. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालच्या त्या पथकाने दिवसा राखेचे लोट आणि अंधार पडल्यावर लालभडक लाव्हा उडताना पाहिला.

म्हणजे १८३२ आणि १९९१ यांच्या मध्ये डोंगर बदलला नव्हता. बदललं ते एवढंच की आपल्याला पाहायला काही मिळत नव्हतं.

त्याच भागातलं नारकोंडम बेट निद्रिस्त म्हणतात. तिथे कसं ठरवलं?

नारकोंडम बॅरनच्या उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. उंची ७१० मीटर, अंगभर हिरवं रान, आणि जगात फक्त तिथेच सापडणारा नारकोंडम धनेश. माणसाने पाहिलेल्या उद्रेकाची एकही नोंद नाही. उतारांवर खोल घळी पडल्या आहेत. घळी खोल असणं म्हणजे पावसाने त्या डोंगरावर फार काळ काम केलं आहे आणि मधल्या काळात नव्या लाव्ह्याने त्या बुजवल्या नाहीत. ताज्या ज्वालामुखीचा उतार गुळगुळीत असतो.

एवढ्यावरून त्याला मृत म्हणता आलं असतं. पण त्याच्या खालची यंत्रणा चालूच आहे. अंदमान-सुमात्राच्या पट्ट्यात भारतीय भूपट्ट आजही पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. खोल गेलेल्या खडकातून पाणी बाहेर पडतं, त्यामुळे वरचा खडक वितळतो, आणि तोच शिलारस बॅरनला मिळतो. नारकोंडम याच रांगेतला आहे. म्हणून त्याला मधल्या कप्प्यात ठेवतात, आणि मला ते योग्य वाटतं.

म्हणजे नुसतं वय पाहून चालत नाही?

बरोबर, दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. शेवटचा उद्रेक कधी झाला, हा पहिला. आणि खालून शिलारस मिळण्याची सोय अजून शाबूत आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खडक आणि राख देतात. दुसऱ्यासाठी वायू, भूकंप, जमिनीची हालचाल आणि भूपट्टांची मांडणी पाहावी लागते. ‘मृत’ हा शब्द तेव्हाच वापरावा, जेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं येतं.

शेवटचा उद्रेक कधी झाला हे हजारो वर्षांनी कसं कळतं?

राख पडते तेव्हा तिच्याखाली झाडं जळून कोळसा होतात. तो कोळसा सापडला की त्यातल्या कार्बन-१४ वरून वय काढतात. जिवंत झाड हवेतून हा कार्बन घेत राहतं, मेल्यावर घेणं थांबतं आणि असलेला घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो.

समजा, कोळशात मूळच्या पाव हिस्साच कार्बन-१४ उरला आहे. निम्म्याचा निम्मा, म्हणजे दोन टप्पे झाले: ११,४६० वर्षं. मुलं लगेच म्हणतात, ‘११,७०० च्या आत आला, म्हणजे जागृत!’ पण हिशेब इथे संपत नाही. पूर्वी हवेत कार्बन-१४ चं प्रमाण आजच्याइतकंच नव्हतं. म्हणून हा कच्चा आकडा जुन्या झाडांच्या वर्षवलयांवरून केलेल्या तक्त्याशी ताडून पाहतात. या वयाच्या आसपास ती दुरुस्ती हजार वर्षांहून मोठी असते, आणि आपला कोळसा १३,००० वर्षांच्या जवळ जातो. म्हणजे तोच डोंगर, तोच कोळसा, पण तो रेघेच्या बाहेर गेला. म्हणून सीमेवरच्या ज्वालामुखीबद्दल वाचताना आकडा कच्चा आहे की दुरुस्त केलेला, हे आधी पाहावं.

ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. त्याहून जुन्या खडकासाठी आर्गॉनचं घड्याळ वापरतात. खडकातला किरणोत्सारी पोटॅशियम फार सावकाश आर्गॉन वायूत बदलतो, त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. लाव्हा पातळ असताना जुना वायू उडून जातो आणि थिजल्यावर नवा आत साठू लागतो. याचं दुखणं उलटं आहे. तरुण खडकात आर्गॉन इतका कमी असतो की मोजणं अवघड होतं. आणि खडक पाण्याने कुजलेला असेल तर वायू निसटतो, मग वय खोटं तरुण दिसतं. त्यामुळे नमुना घेताना हातोडीने वरचं विटकं साल उडवून आतला ताजा काळा भाग घ्यावा लागतो.

मग पावागडाचा निकाल कसा लागला, ते पायरीपायरीने सांगाल का?

पहिली पायरी वयाची. पावागडाचे खडक दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातले, म्हणजे ढोबळमानाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. ११,७०० वर्षांची रेघ त्यापुढे काहीच नाही. हे वय तिच्या साडेपाच हजार पटीचं आहे. मोजणीत दहा-वीस लाख वर्षांची चूक धरली तरी निकाल हलत नाही.

दुसरी पायरी आकाराची. ज्वालामुखीचं मूळ रूप इथे शिल्लकच नाही. थर कापले गेले आहेत, कडे उभे राहिले आहेत. इतकी झीज व्हायला प्रचंड काळ लागतो आणि त्या काळात वर नवा थर पडलेला नाही.

तिसरी पायरी खालच्या पुरवठ्याची, आणि ती सगळ्यात पक्की आहे. दख्खनचा शिलारस पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपला भूपट्ट तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि ती जागा मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही बेटांची रांग म्हणजे तिच्या प्रवासाची खूण. आज ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत वारंवार पेटणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. वडोदरा ते रियुनियन अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. चूल तिकडे राहिली, पातेलं इकडे आलं.

गोध्र्याजवळ तुव्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. खाली आग असल्याशिवाय पाणी गरम कसं होईल?

हा प्रश्न मला आजीआजोबा हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान सगळीकडेच वाढतं, साधारण एका किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी भेगांतून दोन किलोमीटर खाली गेलं, तर ५०-६० अंशांची भर पडून ते ऐंशीच्या घरात पोचतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत थोडं निवतं, तरी हात पोळेल इतकं गरम राहतं. त्यासाठी शिलारस लागत नाही. तुवा असो की दक्षिण गुजरातेतलं उनाई, ही कुंडं भेगांमुळे आहेत. खंभातच्या खोऱ्यात तर खोलीबरोबर तापमान नेहमीपेक्षा वेगाने वाढतं.

ज्वालामुखीच्या वाफेची ओळख तिच्यातल्या वायूंवरून पटते. सल्फर डायऑक्साइड बाहेर पडू लागला, की ताजा शिलारस वर येतो आहे असा संशय घ्यावा.

२००१ च्या भूकंपाने एखादा झोपलेला ज्वालामुखी जागा झाला असेल का?

नाही. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप जुन्या भेगांवर साठलेल्या ताणामुळे झाला. ज्वालामुखी उठताना होणारे धक्के सहसा लहान असतात, उथळ असतात आणि एकाच डोंगराखाली झुंडीने येतात. त्याच वेळी डोंगराचं अंग फुगतं, आणि उपग्रहाच्या रडारवर ते काही सेंटीमीटरपर्यंत मोजता येतं. कच्छमधला धिणोधर हा मात्र खरोखर जुन्या ज्वालामुखीचा उघडा पडलेला गाभा आहे. त्याची नळी दगडाने बुजलेली आहे आणि तोही पावागडाइतकाच निवलेला आहे.

गिरनारचं काय?

तो वेगळा. तिथला शिलारस बराचसा जमिनीच्या आतच थिजला आणि वरची माती-दगड झिजल्यावर उघडा पडला. त्यामुळे त्याला ज्वालामुखी म्हणण्यापेक्षा आत राहून गेलेला शिलारस म्हणणं जास्त बरोबर.

इथिओपियाची राख आली तो डोंगर कुठल्या कप्प्यात होता?

हायली गुब्बी त्याचं नाव. २३ नोव्हेंबर २०२५ ला तो फुटला, तोवर होलोसीन काळातला त्याचा एकही उद्रेक माहीत नव्हता. राख उंचावरच्या वाऱ्याबरोबर येमेन-ओमानवरून अरबी समुद्र ओलांडून इकडे आली आणि काही विमानं रद्द करावी लागली. राख फार उंचावर होती, त्यामुळे जमिनीवर श्वासाला त्रास होईल अशी परिस्थिती नव्हती. विमानाच्या इंजिनात मात्र ती वितळून चिकटते, म्हणून वैमानिक तिच्या वाटेला जात नाहीत.

वर सांगितलेले दोन प्रश्न या डोंगराला लावून पाहा. पहिल्याचं उत्तर होतं ‘माहीत नाही’. इथिओपियातल्या अफार प्रदेशाचा तो भाग दुर्गम आहे, तिथे कोळसा आणि राखेचे नमुने फारसे गोळा झालेले नाहीत. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठणठणीत ‘हो’ होतं, कारण तिथे जमीन फाकते आहे आणि शेजारचा एर्ता आले नावाचा ज्वालामुखी कायम धगधगत असतो. अशा डोंगराला कुणी मृत म्हटलं असेल, तर ती घाई होती.

‘जागृत’ असेल तर आत्ता धोका आहे असंच ना?

ही गल्लत फार होते. जागृत हा डोंगराचा स्वभाव झाला. आजचा धोका वेगळ्या पातळ्यांनी सांगतात. जपानमध्ये त्या एक ते पाच अशा आहेत. ओंताकेचाच २०१४ चा दिवस घ्या. डोंगर जागृत म्हणून नोंदलेला होता, पण धोक्याची पातळी सगळ्यात खालची, एक. २७ सप्टेंबरला, शनिवारी दुपारी, माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी असताना तो अचानक फुटला आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जण गेले. तो उद्रेक वाफेचा होता. आतलं पाणी एकदम वाफ होऊन फुटलं, आणि अशा उद्रेकाची आगाऊ चाहूल फार थोडी मिळते. मोजमापाची ही मर्यादा आजही कायम आहे.

पावागडावर मुलांना नेलं तर नेमकं काय दाखवायचं?

दुरून डोंगराची कड दाखवा. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतील. वाटेत दगडात वाटाण्याएवढी भोकं शोधा. ते लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे, आणि ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला जास्त असतात. त्यावरून एक प्रवाह कुठे संपला हे मुलांना स्वतः ओळखता येतं. काही भोकांत पांढरी खनिजं भरलेली असतील. वर गेल्यावर खडकाचा रंग फिकट होतो, तो खालच्या काळ्या दगडाशेजारी धरून दाखवा.

आणि दख्खनमध्ये कुठेही, सह्याद्रीच्या घाटात सुद्धा, दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखी लाल पट्टी दिसली तर गाडी थांबवा. एक लाव्हा थिजला, त्याच्यावर ऊनपावसाने माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, अशी ती पट्टी बनते. माती व्हायला लागणारा सगळा काळ तो प्रदेश गप्प होता. गेल्या वर्षी एका मुलीने त्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, ‘मावशी, तेव्हा कुणी असतं तर त्याने याला मेलेला म्हटलं असतं ना?’ हो, म्हटलं असतं. आणि तिच्या बोटाच्या वर अजून कितीतरी थर होते.